सोडतीआधी लिहायची वाक्यं

‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ शाळेच्या निबंध स्पर्धेपासून गणेशोत्सवातल्या रांगोळी स्पर्धेपर्यंत हे वाक्य मराठी माणसाने इतक्या वेळा वाचलेलं असतं, की आता त्याच्याकडे लक्षही जात नाही. निबंधाला किंवा रांगोळीला ते शोभतं, कारण तिथे कुणीतरी पाहून, तोलून निवड करायची असते आणि दोन परीक्षकांची मतं वेगळी पडू शकतात. पण विजेता सोडतीने निवडायचा असेल, तर तिथे परीक्षक कुठून आला? चिठ्ठी निघते, नाव वाचलं जातं, संपलं. अशा ठिकाणी ‘निर्णय अंतिम’ लिहून आयोजक स्वतःकडे एक नको ती मोकळीक ठेवतो. आपलं नाव खरंच त्या डब्यात होतं का, एवढंच बक्षीस न मिळालेल्याला जाणून घ्यायचं असतं. चांगले नियम त्याला हे स्वतः पडताळता येईल अशी सोय करून ठेवतात.

ही सोय कशी करायची, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. समजा, पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त २४,००० रुपयांची एक पैठणी सोडतीने द्यायची, असं मालकांनी ठरवलं. जाहिरातीचा मसुदा तयार झाला: ‘पैठणी जिंका! कुपन भरा, भाग्यवान विजेत्या व्हा. नियम व अटी लागू.’ या नियम व अटी मात्र कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्या लिहायला बसलं की पहिलाच प्रश्न येतो तो पैशांचा.

कुपन कोणाला द्यायचं? दोन हजारांच्या वर खरेदी करणाऱ्यालाच द्यावं, असं दुकानदाराला वाटणं स्वाभाविक आहे. पण बक्षीस, नशीब आणि सहभागासाठी मोजलेले पैसे हे तिन्ही एकत्र आले की सोडत लॉटरीच्या हद्दीत जाऊ लागते. राज्य सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार गुन्हा आहे आणि तशा योजनेची जाहिरात करण्यालाही दंड आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तर याहून पुढे जातो. विक्री किंवा धंदा वाढवण्यासाठी घेतलेली नशिबाची वा कौशल्याची स्पर्धा तो अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत धरतो. बक्षीस मोफत आहे असा भास निर्माण करून त्याचा खर्च मालाच्या किमतीत वसूल करणं, हेही त्याच व्याख्येत येतं. कायद्याची भाषा इतकी रुंद असल्यामुळे मोठ्या बक्षिसाचे नियम छापण्यापूर्वी वकिलाच्या नजरेखालून घालावेतच. तमिळनाडूत खरेदीशी जोडलेल्या बक्षीस योजनांवर १९७९ पासून वेगळी कायदेशीर बंदी आहे. देशभरच्या जाहिरातींत खाली बारीक अक्षरांत ‘तमिळनाडूत लागू नाही’ असं दिसतं, ते यामुळेच.

सहभागाला नेमका किती खर्च येतो आणि बक्षीस कोणाच्या खिशातून जातं, हे स्पष्ट नसलं तर वाद किती लांबू शकतो याचं एक ठळक भारतीय उदाहरण आहे. २००७ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या तिसऱ्या पर्वात प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती. प्रत्येक भागात चार पर्यायांचा एक प्रश्न विचारला जाई आणि अचूक उत्तर एसएमएसने पाठवणाऱ्यांतून एकाची सोडतीने निवड होऊन त्याला २ लाख रुपये मिळत. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत. हे दोन लाख वाहिनी पदरचे देत नाही, ते एसएमएस पाठवणाऱ्यांकडूनच गोळा होतात आणि प्रेक्षकांना ते कळत नाही, अशी तक्रार एका ग्राहक संघटनेने राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे मांडली. आयोगाने २००८ मध्ये ती मान्य करून स्टार इंडिया आणि एअरटेल यांच्यावर १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई लादली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा आदेश रद्द केला. बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या उत्पन्नातूनच दिली गेली, याचा पुरावा समोर आलेला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे वाहिनी आणि कंपनी सुटल्या, पण अकरा वर्षांनी.

पैठणीच्या नियमांचं पहिलं वाक्य म्हणून असं लिहावं: ‘सहभाग विनामूल्य आहे. त्यासाठी खरेदी करण्याची गरज नाही आणि खरेदी केल्याने विजयी होण्याची शक्यता वाढत नाही. बक्षिसाचा संपूर्ण खर्च दुकान करेल.’ शेवटचे दोन भाग अनेकदा गाळले जातात. ‘खरेदीची गरज नाही’ असं म्हणायचं आणि प्रत्येक बिलामागे एक जादा कुपन द्यायचं, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं झालं.

यानंतर पात्रता. इथे ‘भारतातील सर्व नागरिकांसाठी खुली’ असं भरघोस वाक्य लिहिण्याचा मोह आवरावा. सज्ञान नसलेली व्यक्ती आपल्याकडे करार करू शकत नाही, म्हणून वयाची अट हवी. ती मोजायची कधी, याची तारीखही हवी, कारण स्पर्धा सुरू असताना कुणाचा तरी अठरावा वाढदिवस येणारच. ‘१५ ऑक्टोबर रोजी वय १८ वर्षं पूर्ण असलेल्या आणि महाराष्ट्र किंवा गोव्यात राहणाऱ्या व्यक्ती’ एवढं पुरेसं आहे. बक्षीस दुकानात येऊन न्यायचं की कुरिअरने घरी जाणार, हेही इथेच सांगितलं तर सावंतवाडीच्या वाचकाला आपण भाग घ्यायचा की नाही ते लगेच कळतं.

दुकानातल्या माणसांना वगळणारी अट प्रत्येक जण लिहितो. पण बहुतेक वेळा ती अपुरी असते. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या ‘मोनोपॉली’ स्पर्धेत १९८९ ते २००१ या काळात मोठी बक्षिसं देणारे कागदी तुकडे पळवले जात होते. पळवणारा जेरोम जेकबसन मॅकडोनाल्ड्सचा नोकर नव्हता. ती स्पर्धा राबवणाऱ्या सायमन मार्केटिंग या कंपनीत तो सुरक्षेचा प्रमुख होता, म्हणजे तुकड्यांची राखण हेच त्याचं काम. तो स्वतः कधी जिंकला नाही. त्याने ते तुकडे ओळखीपाळखीतून बाहेरच्या माणसांकडे पोचवले आणि त्या बदल्यात वाटा घेतला. ऑगस्ट २००१ मध्ये एफबीआयने अटकसत्र सुरू केलं तेव्हा प्रकरण उघड झालं.

या प्रकरणातून पैठणीच्या नियमांना दोन गोष्टी मिळतात. वगळलेल्यांच्या यादीत मालक आणि सेवकांसोबत कुपनं छापणारा छापखाना, सोडतीचं काम पाहणारी जाहिरात संस्था आणि या सगळ्यांच्या घरात राहणारे कुटुंबीय यायला हवेत. पण जेकबसनला अशी अट अडवू शकली नसती. विजेता ठरवणारी वस्तू कुणा एकाच्या ताब्यात राहणार नाही अशी रीत ठरवणं, हाच त्यावरचा खरा उपाय. ती रीत कोणती, ते थोडं पुढे.

त्याआधी ‘एका व्यक्तीची एकच नोंद’ हे वाक्य. ते वाचायला सरळ आहे, पण एकाच व्यक्तीने दोन कुपनं भरली हे ओळखायचं कसं, हे त्यात कुठेच नाही. ‘सुनीता पाटील’ नावाच्या चार स्त्रिया सहज निघतील आणि त्या चौघी खऱ्या असतील. त्यामुळे ओळख मोबाइल क्रमांकावर बांधावी: ‘एका मोबाइल क्रमांकाची एकच नोंद धरली जाईल. त्याच क्रमांकाची आणखी कुपनं आल्यास सर्वांत आधी आलेलं ग्राह्य, बाकीची रद्द.’ सासू-सुनांचा मिळून एकच फोन असेल तर दोघींचं मिळून एकच कुपन धरलं जाईल, ही या नियमाची मर्यादा आहे. ती मान्य नसेल तर दुसरी खूण ठरवावी; पण कुठलीही खूण ठरवली तरी ती कुपनं उघडण्यापूर्वी. मोबाइल क्रमांक फक्त या सोडतीसाठी वापरू आणि निकालानंतर नष्ट करू, हे वाक्यही इथेच यायला हवं. जाहिरातीचे संदेश पाठवायचे असतील तर त्याची परवानगी कुपनावर वेगळ्या चौकटीत मागावी. ती चौकट रिकामी ठेवणाऱ्याचं कुपन बाद होता कामा नये.

आता सोडत. नियमांत याबद्दल बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘विजेता लकी ड्रॉ पद्धतीने निवडला जाईल.’ ही ओळ अपुरी का, ते समजायला अमेरिकेतली १ डिसेंबर १९६९ ची संध्याकाळ आठवावी लागते. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांना सैन्यात बोलावण्याचा क्रम त्या दिवशी सोडतीने, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर ठरला. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत बंद केल्या होत्या. ज्याच्या वाढदिवसाची कुपी आधी निघेल तो आधी लष्करात जाणार. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. सगळं उघड्यावर, लाखोंच्या डोळ्यांदेखत घडलं.

नंतर संख्याशास्त्रज्ञांनी महिनावार सरासरी काढली. जानेवारीत जन्मलेल्यांचा सरासरी क्रमांक २०१ आला होता आणि डिसेंबरवाल्यांचा १२१. वर्षाच्या अखेरीस जन्मलेली मुलं लवकर बोलावली जात होती. यात कुणी लबाडी केली नव्हती. कुप्या महिन्यामहिन्याने पेटीत घातल्या आणि प्रत्येक महिन्यानंतर कालवल्या, त्यामुळे जानेवारीच्या कुप्या अनेकदा ढवळल्या गेल्या आणि डिसेंबरच्या जेमतेम. पुढच्या वर्षी पद्धत बदलली. तारखा एका पिंपात आणि क्रमांक दुसऱ्यात ठेवून दोन्हीकडून एकेक काढायला सुरुवात झाली.

दुकानातल्या काचेच्या बरणीचंही असंच होतं. शेवटच्या दिवशी आलेली कुपनं वर राहतात. मोठ्या कागदावर लिहिलेली, चौघडी घातलेली चिठ्ठी बोटांना आधी लागते. लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घेतली तरी चिठ्ठ्यांचा हा दोष तसाच राहतो. चिठ्ठ्याच काढायच्या असतील तर सगळ्या एकाच मापाच्या हव्यात, त्यांवर नावाऐवजी क्रमांक हवेत, फिरवता येणारं बंद पिंप हवं, आणि पिंपात टाकण्यापूर्वी त्यांची मोजणी यादीशी जुळवून दाखवायला हवी. ब्रिटनमध्ये जाहिरातदारांची जी आचारसंहिता आहे, ती विजेता पडताळता येईल अशा संगणकीय पद्धतीने काढावा असं सांगते. ते जमत नसेल तर दुकानाशी संबंध नसलेल्या माणसाने किंवा त्याच्या देखरेखीखाली तो काढला गेला पाहिजे.

संगणक वापरला म्हणजे काम झालं असंही नाही. २०२० मध्ये ब्रिटनच्या मॉली-मे हेग या समाजमाध्यमांवरच्या प्रसिद्ध तरुणीने सुमारे ८,००० पौंडांच्या वस्तू सोडतीने देऊ केल्या. प्रतिसाद लाखोंच्या घरात गेला. एवढ्या नोंदी हाताळता येईनात, म्हणून आधी थोडी नावं बाजूला काढली गेली आणि त्यांतून संगणकाने विजेता निवडला. शेवटची पायरी निर्दोष होती. पण ती थोडी नावं कशी निघाली, सगळ्यांना त्यांत येण्याची सारखी संधी होती का, हे तिला दाखवता आलं नाही. २०२१ मध्ये तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने तिच्याविरुद्ध निर्णय दिला. किती नोंदी आपण खरोखर हाताळू शकतो याचा अंदाज घेऊन नियमांत कमाल आकडा लिहिला असता, तर ही पाळी आली नसती.

यादी आधी बंद करायची आणि विजेता ठरवणारा आकडा नंतर, आपल्या हाताबाहेरच्या ठिकाणाहून घ्यायचा, ही रीत या सगळ्यावर उतरते. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणारी आयईटीएफ ही संस्था आपली नामनिर्देशन समिती वर्षानुवर्षं अशीच निवडत आली आहे. इच्छुकांची क्रमांकित यादी ती आधी प्रसिद्ध करते. कुठल्या सरकारी लॉटरीचे, कुठल्या तारखेचे आकडे वापरणार तेही आधीच सांगते आणि मग ते आकडे ठरलेल्या सूत्रात घालते. कोणीही घरी बसून तेच उत्तर काढू शकतो.

पुण्यातल्या दुकानाला लॉटरीचे आकडे शोधत बसायची गरज नाही. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स रोज दोन दशांश स्थळांपर्यंत बंद होतो, दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्तमानपत्रात छापून येतो, आणि साड्यांच्या दुकानासाठी तो कुणी हलवणार नाही. नियम असा लिहावा:

‘कुपनं १५ ऑक्टोबर रोजी संध्याकाळी ६ वाजेपर्यंत स्वीकारली जातील. ग्राह्य कुपनांना ती आली त्या क्रमाने १ पासून क्रमांक दिले जातील. क्रमांक आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे असलेली यादी १७ ऑक्टोबरला दुकानाबाहेर लावली जाईल. हरकती २० ऑक्टोबरपर्यंत घेतल्या जातील. २१ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजता अंतिम यादी लागेल. त्यानंतर तिच्यात बदल होणार नाही. २२ ऑक्टोबर रोजी सेन्सेक्स ज्या आकड्यावर बंद होईल तो, दशांश चिन्ह काढून, अंतिम यादीतील एकूण नोंदींनी भागला जाईल. येणाऱ्या बाकीत १ मिळवून जो क्रमांक येईल तो विजेता. त्या दिवशी बाजार बंद असल्यास पुढच्या व्यवहाराच्या दिवसाचा आकडा धरला जाईल.’

समजा, अंतिम यादीत ४१२ नोंदी आहेत आणि सेन्सेक्स ८१,२३४.५७ वर बंद झाला. दशांश चिन्ह काढल्यावर आकडा होतो ८१२३४५७. त्याला ४१२ ने भागलं की भागाकार १९७१७ आणि बाकी ५३ उरते. एक मिळवला की ५४. चौपन्नाव्या क्रमांकाची पैठणी. शाळेतला भागाकार येणारी कोणतीही बाई हा हिशेब पावतीच्या मागे करून पाहू शकते, आणि आपला क्रमांक ५५ होता हे पाहून हळहळू शकते. पण तो डावलला गेला असं तिला म्हणता येणार नाही. एक मिळवण्याचं कारण साधं आहे: बाकी ० ते ४११ यांतली कोणतीही येऊ शकते, क्रमांक मात्र १ पासून सुरू होतात.

या पद्धतीत चूक कुठे होते, तेही माहीत असावं. यादी सेन्सेक्स बंद झाल्यानंतर लावली तर सगळं व्यर्थ, कारण मग यादीत एखादं नाव वरखाली करून हवा तो विजेता आणता येतो. अंतिम यादीनंतर एखादी नोंद अपात्र असल्याचं कळलं तर ती खोडून क्रमांक पुन्हा देऊ नयेत. एकूण संख्या ४११ झाली की उत्तरच बदलतं. ती नोंद यादीत तशीच राहू द्यावी आणि नेमकी तीच निघाली तर राखीव विजेत्याकडे जावं.

राखीव विजेत्याची तरतूद नसली की आयोजकाची खरी अडचण होते. चौपन्नाव्या क्रमांकाचा फोन लागत नाही, दुकानात पैठणी पडून आहे, आणि मग कुणीतरी म्हणतं, जाऊ दे, शेजारच्या काकूंना देऊ. आरटीईच्या सोडतीत मुलांचे अर्ज भरलेल्या पालकांना प्रतीक्षा यादी नवीन नाही. इथेही तीच हवी. ‘विजेत्याला लागोपाठ तीन दिवस, दिवसातून दोनदा फोन केला जाईल आणि एक संदेश पाठवला जाईल. पहिल्या फोनपासून सात दिवसांत उत्तर न आल्यास पुढील व्यवहाराच्या दिवसाच्या सेन्सेक्सवरून याच पद्धतीने राखीव विजेता ठरेल.’ ‘पुढील व्यवहाराचा दिवस’ कशानंतरचा, हेही तारखेने सांगावं. इथे तो २२ ऑक्टोबरनंतरचा पहिला दिवस. तो आकडा विजेत्याला फोन लागो न लागो, आधीच येऊन बसलेला असतो, त्यामुळे सात दिवसांनी कुणाला काही निवडायची संधी उरत नाही.

आता कर. सोडतीत मिळालेल्या बक्षिसावर आयकराचा सरसकट दर ३० टक्के आहे आणि बक्षीस १०,००० रुपयांहून जास्त असेल तर तो आधीच कापण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असते. रोख रकमेतून कापता येतो, पैठणीतून कसा कापणार? म्हणून वस्तू देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री दुकानाने करून घ्यायची असते. २४,००० च्या पैठणीवर हे ७,२०० रुपये होतात. सोडतींत नेमका इथेच एक विरोध तयार होतो. फसवणुकीपासून लोकांना सावध करण्यासाठी आयोजक लिहितो, ‘विजेत्याकडून कोणतीही रक्कम मागितली जाणार नाही.’ ‘तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली, आधी शुल्क भरा’ असे खोटे संदेश ज्यांच्या फोनवर आले आहेत, त्यांना या वाक्याचा आधार वाटतो. आणि मग विजेतीला दुकानातून फोन जातो: ताई, ७,२०० रुपये भरायला लागतील. ती फोन ठेवून देते, आणि तिचं बरोबरच असतं.

म्हणून हे नियमांतच मिटवावं. सगळ्यांत चांगलं म्हणजे, ‘बक्षिसावरील कर दुकान भरेल, विजेत्याला काहीही द्यावं लागणार नाही.’ दुकानाने भरलेला करही विजेत्याचा लाभ धरला जाऊ शकतो, त्यामुळे नेमका आकडा लेखापालाकडून काढून घ्यावा लागतो. ते परवडत नसेल तर पैठणी दहा हजारांच्या आतली ठेवावी. तेव्हा दुकानाला कापायचं काही नसतं. पण विजेत्याने आपल्या विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवायचंच असतं आणि हे त्याला सांगणं दुकानाचं काम आहे. कर विजेत्यानेच भरायचा असेल, तर ती रक्कम रुपयांत, पैठणीच्या किमतीशेजारी, सारख्याच टायपात छापावी.

निकाल कुठे लावायचा, हेही कायद्याने मोकळं सोडलेलं नाही. मोफत भेटी वा बक्षिसांची योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवणं ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. योजनेची जाहिरात ज्या वर्तमानपत्रात आली, त्यातच ठळकपणे आणि वाजवी वेळात निकाल छापला तर तो कळवला असं हा कायदा मानतो. दुकानाची जाहिरात रविवारच्या पुरवणीत आली असेल तर निकालही तिथेच यायला हवा, दारावरच्या फलकावर लावून भागणार नाही. निकालाचा मजकूर दोन-तीन ओळींचा असतो: अंतिम नोंदी ४१२, २२ ऑक्टोबरचा सेन्सेक्स ८१,२३४.५७, बाकी ५३, विजेता क्रमांक ५४, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, आणि पैठणी कोणत्या तारखेला दिली. विजेतीचं नाव आणि फोटो तिची लेखी संमती असेल तरच. ती ‘नको’ म्हणाली तरी पैठणी तिचीच, हे वाक्य नियमांत आधीच असावं लागतं, नाहीतर दुकानात साडी हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणणं फार अवघड होतं.